शोल्डर, सर्क्लिपची खाच आणि ऑइल सीलची बैठक: एका बेअरिंग हाउसिंगचे डिझाइन करताना

एका मिक्सरच्या गिअरबॉक्समधील आउटपुट शाफ्टचे हाउसिंग नव्याने डिझाइन करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा जुन्या हाउसिंगबद्दल दोन तक्रारी होत्या. सील वारंवार गळत होते आणि शाफ्ट उलटसुलट फिरताना प्रत्येक वेळी ठोका बसल्यासारखा आवाज येत होता. मी शाफ्टच्या टोकाला डायल गेज लावून शाफ्ट आत-बाहेर हलवून पाहिला, तेव्हा ०.६ मिमीपेक्षा जास्त हालचाल दिसली. हाउसिंग उघडल्यावर सर्क्लिपच्या खाचेची बाहेरची भिंत ठोके बसून चकाकलेली होती, तर बेअरिंग आणि सील यांच्यामधल्या पोकळीत तेल काठोकाठ साचलेले होते. दोन्ही तक्रारींचे मूळ ड्रॉइंगमध्येच आहे, असे मला तेव्हा वाटले आणि जुने ड्रॉइंग समोर ठेवून मोजमापे तपासल्यावर ते स्पष्ट झाले.

गिअरबॉक्स १.५ किलोवॉटचा होता आणि आउटपुट शाफ्ट मिनिटाला ४८० फेरे फिरत होता. म्हणजे टॉर्क साधारण ३० न्यूटन-मीटर. शाफ्टवरचा हेलिकल गिअर १०० मिमी पिच व्यासाचा आणि १५ अंश हेलिक्सचा असल्यामुळे दातांवर सुमारे ६०० न्यूटन स्पर्शरेषीय बल आणि त्यातून सुमारे १६० न्यूटन अक्षीय बल निर्माण होते. हे बल मोठे नाही, पण मिक्सर उलट दिशेने फिरू लागला की त्याची दिशाही उलटते. त्यामुळे बलाच्या आकड्यापेक्षा त्याची वाट कोणती, आणि त्या वाटेवर मोकळी जागा किती, हे माझ्यासाठी महत्त्वाचे होते. बेअरिंग ६२०६ होते, म्हणजे आतला व्यास ३० मिमी, बाहेरचा ६२ मिमी आणि रुंदी १६ मिमी. ते बदलण्याचे काही कारण नव्हते.

मी पहिला निर्णय घेतला तो शोल्डर कोणत्या बाजूला असावे याचा. मिक्सरच्या नेहमीच्या फिरण्यात गिअर शाफ्टला बाहेरच्या दिशेने ढकलतो. म्हणून शोल्डर बाहेरच्या बाजूला, म्हणजे बेअरिंग आणि सील यांच्या मध्ये ठेवले आणि सर्क्लिप गिअरबॉक्सच्या आतल्या बाजूला घेतली. त्यामुळे नेहमीचे बल शाफ्टच्या शोल्डरकडून आतल्या रिंगवर, तिथून गोळ्यांमधून बाहेरच्या रिंगवर आणि शेवटी हाउसिंगच्या शोल्डरवर जाते. सर्क्लिपच्या वाट्याला फक्त उलट फिरतानाचे बल येते. सर्क्लिप या बलाच्या कित्येक पट भार पेलू शकते, हे खरे आहे. पण कॅटलॉगमध्ये दिलेली तिची जास्तीत जास्त क्षमता समोरच्या भागाची कड चौकोनी आहे असे धरून दिलेली असते आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगची कड गोलाई दिलेली असते. अशा गोलाईवर भार आला की सर्क्लिप किंचित बशीसारखी वाकते आणि तिची क्षमता कमी होते. जिथे पर्याय आहे तिथे सततचा भार शोल्डरवरच टाकावा, हे माझे मत त्यामुळे पक्के आहे.

शोल्डरची उंची ठरवताना दोन मर्यादा पाळाव्या लागतात. शोल्डर फार बुटके असेल तर बाहेरच्या रिंगला पुरेसा आधार मिळत नाही आणि फार उंच असेल तर बेअरिंग काढताना बाहेरच्या रिंगला पकडायला जागा उरत नाही. ६२०६ साठी हाउसिंगच्या शोल्डरचा आतला व्यास सुमारे ५६ मिमीपेक्षा मोठा नसावा. मी ५५ मिमी घेतला. म्हणजे शोल्डर ३.५ मिमी उंच झाले आणि बेअरिंगच्या कडेची गोलाई वजा जाता सुमारे अडीच मिमी रुंदीचा सपाट आधार राहिला. कोपऱ्यातील फिलेटबाबत मात्र मी ड्रॉइंगवर वेगळी सूचना लिहिली. या बेअरिंगच्या कडेची गोलाई कमीत कमी १ मिमी असते. हाउसिंगच्या कोपऱ्यातील फिलेट तिच्यापेक्षा मोठे झाले, तर रिंग सपाट शोल्डरवर टेकण्याऐवजी फिलेटच्या वळणावर चढून बसते. मग ती थोडी तिरकी राहते आणि बेअरिंग गरम होते. ड्रॉइंगवर फिलेट लिहिलेले नसेल तर टर्नर हाताशी असलेली इन्सर्ट लावतो, आणि ती १.२ मिमी नाकाची असेल तर हा दोष बाहेरून मुळीच दिसत नाही. म्हणून मी फिलेट जास्तीत जास्त ०.८ मिमी असे लिहिले. तपासण्याची रीत सोपी आहे. रिंगच्या मुखावर निळा रंग लावून ती हाताने शोल्डरवर दाबावी. ठसा रुंद पट्ट्याचा आला तर बैठक बरोबर आहे, आणि अगदी बाहेरच्या कडेला बारीक वर्तुळ उमटले तर रिंग फिलेटवर बसते आहे.

बोअरची फिट ठरवताना फार विचार करावा लागला नाही. भाराची दिशा हाउसिंगच्या दृष्टीने स्थिर आहे आणि आतली रिंग फिरते, त्यामुळे आतली रिंग शाफ्टवर घट्ट आणि बाहेरची रिंग हाउसिंगमध्ये सरकती हवी. शाफ्ट के६, म्हणजे ३०.००२ ते ३०.०१५ मिमी, आणि हाउसिंग एच७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मिमी, असे ठेवले. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२.००० पासून १३ मायक्रॉनपर्यंत कमी असू शकतो, म्हणून बोअरमधला मोकळेपणा शून्य ते ४३ मायक्रॉन येतो.

खरा प्रश्न सर्क्लिपच्या खाचेचा होता. ६२ मिमी बोअरसाठीची प्रमाणित सर्क्लिप २ मिमी जाडीची असते. तिच्यासाठी खाचेचा व्यास ६५ मिमी आणि रुंदी २.१५ मिमी लागते. व्यासाला ०.३ मिमीपर्यंत आणि रुंदीला ०.१४ मिमीपर्यंत अधिकची सूट असते. जुन्या ड्रॉइंगमध्ये शोल्डरपासून खाचेच्या जवळच्या भिंतीपर्यंत १६ मिमी आणि त्यावर अधिक ०.१ मिमी सूट, असे माप दिलेले होते. वरवर पाहता हे बरोबर वाटते, कारण बेअरिंगची रुंदी १६ मिमीच आहे. पण सर्क्लिप जवळच्या भिंतीवर टेकत नाही. बेअरिंग तिला ढकलते तेव्हा ती दूरच्या भिंतीवर जाऊन टेकते. म्हणजे कामाची भिंत दूरची, आणि तिचे स्थान मात्र दोन मापांच्या बेरजेतून ठरत होते. ती भिंत शोल्डरपासून १८.१५ ते १८.३९ मिमी यांमध्ये कुठेही येऊ शकत होती. आता यातून बेअरिंग आणि सर्क्लिप वजा करून पाहू. बेअरिंगची रुंदी १५.८८ ते १६.०० मिमी असू शकते आणि सर्क्लिपची जाडी १.९३ ते २.०० मिमी. दोन्ही जाड आल्या तरी ०.१५ मिमी मोकळी जागा उरतेच, आणि दोन्ही पातळ आल्या तर ती ०.५८ मिमी होते. प्रत्येक भाग आपापल्या ड्रॉइंगनुसार अगदी बरोबर असूनही शाफ्ट अर्धा मिलिमीटर मागेपुढे सरकत होता. दिशा बदलताना येणारा ठोका हाच होता आणि खाचेची भिंत चकाकली तीही याच ठोक्यांनी.

मी माप शोल्डरपासून थेट दूरच्या भिंतीपर्यंत दिले: १८.०० मिमी, सूट अधिक ०.१०, उणे शून्य. आता सर्वांत जाड बेअरिंग आणि सर्वांत जाड सर्क्लिप आली तरी ती खाचेत बसते, कारण दोघांची बेरीज १८.०० मिमीपेक्षा जास्त होत नाही. दोन्ही पातळ आल्या तर मोकळी जागा जास्तीत जास्त ०.२९ मिमी राहते. खाचेची रुंदी किती आली याचा या हिशेबावर परिणामच होत नाही, कारण रुंदीतला फरक आता जवळच्या भिंतीकडे जातो.

यावर आमच्या ज्येष्ठ टर्नरनी एक रास्त शंका काढली. “साहेब, जवळची भिंत मग सोळाच्या आत येईल. बेअरिंगच्या बैठकीत खाच घुसेल ना?” मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. जवळची भिंत शोल्डरपासून १५.७१ ते १५.९५ मिमी यांमध्ये येते. बेअरिंगच्या त्या कडेला कमीत कमी १ मिमी गोलाई आहे, म्हणजे रिंगचा सरळ दंडगोल भाग १५ मिमीच्या आतच संपतो. खाच फक्त गोलाईच्या वरच्या भागात येते आणि बैठकीला कुठेही हात लागत नाही. त्यांनी कागदावर स्वतः वजाबाकी करून पाहिली आणि मगच मान्य केले. ही शंका त्यांनी लेथवर काम सुरू होण्याआधी विचारली याचे मला मनापासून समाधान वाटले, कारण ड्रॉइंग न पटलेला कारागीर पुष्कळदा न सांगता खाच थोडी बाहेर सरकवतो.

खाचेच्या बाहेर, म्हणजे हाउसिंगच्या आतल्या मुखाच्या दिशेने, किती धातू उरतो हेही पाहावे लागते, कारण सर्क्लिपचा सगळा भार तीच पट्टी घेते. खाच १.५ मिमी खोल आहे आणि ही पट्टी खोलीच्या किमान तिप्पट, म्हणजे ४.५ मिमी रुंद हवी. बेअरिंग आत सरकवण्यासाठी बोअरच्या तोंडाला दीड मिमी लांबीचा चॅम्फर लागतो आणि चॅम्फर झालेला भाग पट्टीत मोजता येत नाही. १८.१०, ४.५ आणि १.५ यांची बेरीज २४.१ मिमी होते. मी आतल्या मुखापासून शोल्डरपर्यंतची खोली २५ मिमी ठेवली.

आता सीलची बैठक. बेअरिंग ३० मिमी शाफ्टवर असले तरी सीलच्या ओठाखालचा शाफ्ट मी २८ मिमी केला. बेअरिंग शाफ्टच्या बाहेरच्या टोकाकडून चढते. दोन्ही ठिकाणी व्यास सारखाच असता तर घट्ट फिटची रिंग सीलच्या मार्गावरून घासत गेली असती, आणि त्या पृष्ठभागावर अक्षाच्या दिशेने पडलेला एक बारीक ओरखडाही गळतीसाठी पुरेसा होतो. सील २८ × ४७ × ७ मिमी मापाचे निवडले. त्याच्यासाठी बोअर ४७ एच८, म्हणजे अधिक ०.०३९ मिमीपर्यंत. रबराचे आवरण असलेल्या या मापाच्या सीलचा बाहेरचा व्यास ०.१५ ते ०.३० मिमी मोठा असतो, त्यामुळे ते दाबूनच बसते. शाफ्टचा तो भाग ४५ एचआरसीपेक्षा कठीण आणि ०.२ ते ०.८ मायक्रॉन आरए इतका गुळगुळीत असावा, आणि ग्राइंडिंग करताना चाक बाजूला न सरकवता थेट आत नेऊन करावे, असे लिहिले. चाक बाजूला सरकत गेले तर पृष्ठभागावर अतिशय बारीक आटे पडल्यासारखे होते आणि शाफ्ट एका दिशेने फिरताना ते तेल बाहेर ओढतात. हा मिक्सर दोन्ही दिशांनी फिरणार असल्यामुळे आटे कोणत्याही दिशेचे असले तरी ते कधी ना कधी गळतीला हातभार लावणारच होते.

सीलच्या बैठकीला आतून पायरी ठेवायची की नाही, यावर मी बराच विचार केला. पायरी असली की सील तिच्यावर टेकते आणि खोली आपोआप ठरते. पण पायरीसह ४७ मिमीचा बोअर फक्त बाहेरूनच करता येतो, म्हणजे हाउसिंग लेथवर उलटून पुन्हा लावावे लागते, आणि बेअरिंगचा बोअर व सीलचा बोअर यांची समकेंद्रता त्या दुसऱ्या पकडीवर अवलंबून राहते. पायरी काढून टाकली तर ६२, ५५ आणि ४७ हे तिन्ही व्यास आतल्या बाजूने एकाच पकडीत, एकाच अक्षावर होतात. सीलला समकेंद्रतेत बेअरिंगपेक्षा बरीच जास्त सूट चालते, तरीही जी गोष्ट एका पकडीत फुकट मिळते ती सोडण्यात अर्थ नव्हता. या गिअरबॉक्सला ब्रीदर आहे आणि आत दाब साचत नाही, म्हणून सीलला मागून आधाराची गरजही नव्हती. मी पायरी काढली आणि सील बाहेरच्या मुखाशी समपातळीत बसवायचे ठरवले. दाबण्यासाठी हाउसिंगच्या मुखावर टेकून थांबणारे सपाट साधन वापरले की सील सरळही बसते आणि खोलीही बरोबर येते. दुसऱ्या पकडीत फक्त ४७ च्या तोंडाचा १५ अंशांचा एक मिमी लांबीचा चॅम्फर उरला, आणि त्याला अचूकता लागत नाही.

४७ च्या बोअरची लांबी सात मिमी सीलसाठी साडेसात मिमीही पुरली असती. मी ती १० मिमी ठेवली. ओठ काही काळाने शाफ्टवर आपली रेघ पाडतो, आणि नवे सील त्याच रेघेवर बसवले तर ते लवकर गळू लागते. लांबी १० मिमी असल्यामुळे बदलीचे सील २ मिमी आत दाबता येते आणि त्याचा ओठ न झिजलेल्या शाफ्टवर चालतो.

जुन्या हाउसिंगमध्ये तेल साचत होते ती जागा म्हणजे बेअरिंग आणि सील यांच्यामधली पोकळी. गोळ्या फिरताना थोडे तेल या पोकळीत सतत येत राहते आणि सीलच्या ओठाला ते हवेच असते, कारण कोरडा ओठ जळतो. पण आलेल्या तेलाला परत जायला वाट नसेल तर पोकळी भरते आणि तेलाचा जोर ओठावर येतो. जुन्या हाउसिंगला अशी वाटच नव्हती. नव्या डिझाइनमध्ये पोकळी ६ मिमी रुंद ठेवली. शाफ्टवरची ३० मिमीची सर्क्लिप, तिची १.६ मिमीची खाच आणि तिच्या बाहेरची किमान २.१ मिमीची पट्टी एवढ्या जागेत मावते. पोकळीच्या तळातून ५ मिमीचे एक उभे छिद्र आणि त्याला मिळणारे, अक्षाला समांतर असे आतल्या मुखाकडे जाणारे दुसरे छिद्र दिले. समांतर छिद्र अक्षापासून ३८ मिमी अंतरावर ठेवले, म्हणजे ६५ मिमीच्या खाचेपासून ३ मिमी धातू मध्ये राहतो. ९० मिमी व्यासाच्या बॉसमध्ये बाहेरच्या बाजूलाही पुरेशी जाडी उरते. उभ्या छिद्राचे बाहेरचे तोंड ग्रब स्क्रूने बंद केले. फ्लँजवर “छिद्र खाली” अशी खूण ओतीव भागातच घेतली, कारण हाउसिंग फिरवून बसवले तर या वाटेचा काहीच उपयोग होत नाही.

लेथवरचा क्रमही मी टर्नरांशी बोलून ड्रॉइंगवर लिहिला. आधी तिन्ही व्यास थोडी चाल ठेवून करायचे, मग शोल्डरचे मुख पूर्ण करायचे, त्या मुखापासून मोजून सर्क्लिपची खाच पाडायची आणि अगदी शेवटी ६२ चा बोअर पूर्ण मापाला आणायचा. खाच पाडताना तिच्या दोन्ही कडांना बर उभा राहतो. बोअर आधी पूर्ण केला तर तो बर बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला ओरबाडतो आणि कानसाने काढायला गेले तर बोअरची कड खराब होते. शेवटच्या कापात तो आपोआप निघून जातो.

पहिले हाउसिंग तयार झाल्यावर शोल्डर ते दूरची भिंत हे अंतर १८.०६ मिमी भरले. बसवायच्या बेअरिंगची रुंदी १५.९५ आणि सर्क्लिप १.९६ मिमी होती, म्हणून हिशेबाने ०.१५ मिमी मोकळी जागा अपेक्षित होती. जोडणीत एक बंधन पाळावे लागले. हाउसिंगची सर्क्लिप आधी शाफ्टवर अडकवून ठेवावी लागते आणि ती खाचेत बसेपर्यंत गिअर चढवता येत नाही, नाहीतर पक्कड आत जात नाही. सर्क्लिप बसल्यावर मी ती पकडीने थोडी फिरवून पाहिली. खाचेत पूर्ण बसलेली सर्क्लिप खाचेभोवती फिरते, आणि कुठे अडकली तर तिथे ती खाचेच्या कडेवर चढलेली असते. मग शाफ्टच्या टोकाला डायल गेज लावून आत-बाहेर हलवले, तेव्हा ०.२३ मिमी दिसले. हिशेबापेक्षा जास्त दिसलेले ०.०८ मिमी बेअरिंगच्या स्वतःच्या अक्षीय मोकळेपणाचे आहेत. खोल खोबणीच्या बेअरिंगमध्ये हा मोकळेपणा त्रिज्येच्या दिशेतील मोकळेपणाच्या कित्येक पट असतो, आणि तो लक्षात न घेतल्यास खाच चुकली असे वाटू शकते.

गिअरबॉक्स दोन्ही दिशांनी चालवून पाहिला, तेव्हा दिशा बदलताना ऐकू येणारा ठोका राहिला नव्हता. तो पुढेही जाणवू नये म्हणून ज्या ठिकाणी दिशा मिनिटामिनिटाला बदलते, तिथे जोडणीच्या वेळी मोकळी जागा मोजून बाहेरची रिंग आणि सर्क्लिप यांच्यामध्ये योग्य जाडीची शिम घालावी आणि किमान ०.०५ मिमी जागा सोडावी, असे मी सुचवले आहे. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगची बाहेरची रिंग मात्र दोन्ही बाजूंनी मोकळीच ठेवली आहे. तिथेही शोल्डर आणि सर्क्लिप दिली असती, तर शाफ्ट हाउसिंगपेक्षा जास्त तापल्यावर त्याला वाढायला जागा मिळाली नसती आणि दोन्ही बेअरिंगे एकमेकांवर दाबली गेली असती. ड्रॉइंगच्या शेवटच्या सूचनेत सीलबद्दल दोन वाक्ये आहेत: पहिले सील मुखाशी समपातळीत बसवावे आणि बदलीचे सील मुखापासून २ मिमी आत, सील चढवताना शाफ्टवरच्या चावीच्या खाचेवर पातळ नळी घालून ओठ कडेपासून वाचवावा.